एअरप्लेन मोड लावला किंवा फोन बंद केला, तर चार्जिंग खरोखर किती लवकर होते?

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची सुट्टी संपवून इटारसीकडे निघाली होती. घरातून निघायला जेमतेम अर्धा तास उरला होता, फोन १२ टक्क्यांवर होता, आणि आमच्या नागपूरच्या घरात जी मागची खोली आहे, जिथे मोबाइलची रेंज कायम एका दांडीवर असते, तिथे तो चार्जिंगला लावलेला होता. "मामा, हा चार्जच होऊन नाही राहिला. बंद करून लावून देऊ का?" असे तिने विचारले. तिचा मोठा भाऊ म्हणाला, बंद कशाला करतेस, एअरप्लेन मोडवर टाक, दुप्पट वेगाने भरतो. दोघांचेही म्हणणे मी अनेकांकडून ऐकलेले आहे, आणि त्याचे उत्तर साध्या गुणाकार-भागाकाराने काढता येते. ते उत्तर कसे काढायचे, हे मी येथे पायरीपायरीने मांडतो, म्हणजे प्रत्येकाला स्वतःच्या फोनचा आणि स्वतःच्या चार्जरचा आकडा मिळेल.

थोडक्यात उत्तर आधी देतो. चांगली रेंज असेल, पडदा बंद असेल आणि चार्जर १८ वॉट किंवा त्याहून मोठा असेल, तर एअरप्लेन मोडमुळे अर्ध्या तासाच्या चार्जिंगमध्ये फार तर १० ते १५ सेकंदांचा फरक पडतो. रेंज वाईट असेल आणि चार्जर लहान असेल, तर तासाभरात ५ मिनिटे वाचतात. लॅपटॉपच्या जुन्या यूएसबी पोर्टवर वाईट रेंजमध्ये फोन लावला असेल, तर मात्र फरक तासांच्या हिशेबात जातो. फोन पूर्ण बंद करण्याने एअरप्लेन मोडपेक्षा जवळजवळ काहीच जास्त मिळत नाही, आणि थोड्या वेळेसाठी बंद केला तर उलट थोडे नुकसानच होते.

पहिली पायरी: फोन नुसता पडून असताना किती खातो, ते रात्री मोजा

बहुतेक लोक ही गोष्ट चार्जिंगच्या वेळी मोजायला जातात आणि तिथेच फसतात. एअरप्लेन मोडमुळे वाचणारी वीज चार्जरमधून येणाऱ्या विजेच्या तुलनेत इतकी लहान असते की टक्क्यांच्या आकड्यात ती दिसतच नाही. म्हणून ती उतरत्या बाजूने मोजावी. रात्री झोपताना फोन चार्जरवरून काढावा, पडदा बंद करून नेहमीच्या जागी ठेवावा आणि किती टक्के आहे ते कागदावर लिहावे. सकाळी ८ तासांनी पुन्हा पाहावे. दुसऱ्या रात्री हेच एअरप्लेन मोड लावून करावे, आणि वायफायही बंद असल्याची खात्री करावी, कारण हल्लीचे अनेक फोन एअरप्लेन मोडमध्ये वायफाय चालू ठेवण्याची तुमची सवय लक्षात ठेवतात.

आता बॅटरीत एकूण किती वीज मावते ते काढावे. ५००० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी आणि तिचा सरासरी दाब सुमारे ३.८७ व्होल्ट, म्हणजे ५ गुणिले ३.८७, साधारण १९ वॉट-तास. एक टक्का म्हणजे ०.१९ वॉट-तास. माझ्या फोनचे आकडे असे आले: नेटवर्क चालू असताना ८ तासांत ६ टक्के उतरले, आणि एअरप्लेन मोडवर २ टक्के. पहिल्या रात्रीचा सरासरी खर्च ६ गुणिले ०.१९ भागिले ८, म्हणजे ०.१५ वॉटच्या आसपास. दुसऱ्या रात्रीचा ०.०५ वॉट. दोन्हींतला फरक ०.१ वॉट, आणि एअरप्लेन मोडची माझ्या घरातली सगळी कमाई एवढीच.

मागच्या खोलीत भाचीचा फोन मात्र तासाला ४ टक्के उतरत होता. त्याचीही बॅटरी ५००० चीच, म्हणून हा खर्च सुमारे ०.८ वॉट होतो. टॉवर दूर असला किंवा मध्ये जाड भिंती आणि स्लॅब असले की फोनला आपला आवाज चढवून बोलावे लागते, म्हणजे रेडिओची पाठवण्याची ताकद वाढवावी लागते. शिवाय रेंज सुटली की तो पुन्हा पुन्हा टॉवर शोधत राहतो, फोर-जीवरून फाइव्ह-जीवर आणि परत अशी ये-जा करतो, आणि त्यामुळे त्याला गाढ झोप लागतच नाही. म्हणून एअरप्लेन मोडचा फायदा फोनच्या किमतीवर किंवा कंपनीवर फारसा अवलंबून नसतो. तुम्ही फोन कुठे ठेवला आहे, यावर तो सर्वांत जास्त अवलंबून असतो.

एक सूचना येथेच देतो. चार्जिंगला लावलेला फोन रात्रीच्या मोजणीपेक्षा थोडा जास्त खाऊ शकतो, कारण फोटोंचा बॅकअप आणि अ‍ॅपचे अपडेट अशी कामे अनेक फोन मुद्दाम चार्जर लागल्यावर आणि वायफाय मिळाल्यावरच काढतात. वायफायही बंद करून एअरप्लेन मोड लावला तर ही कामेही थांबतात. तुमचा फोन चार्जिंगला लावल्यावर पडदा बंद असूनही कोमट होत असेल, तर बहुधा हेच चालू असते.

दुसरी पायरी: चार्जरमधून प्रत्यक्षात किती येते, ते वाचा

चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत आउटपुट छापलेले असते. तेथे ५ व्होल्ट आणि २ अँपिअर असेल, तर गुणाकार १० वॉट. ९ व्होल्ट आणि २ अँपिअर असेल, तर १८ वॉट. अनेक जोड्या छापलेल्या असतील, तर सर्वांत मोठा गुणाकार तेव्हाच मिळतो, जेव्हा फोन आणि चार्जर एकमेकांची भाषा समजतात. नाहीतर ५ व्होल्टवरच काम चालते. लॅपटॉपच्या जुन्या प्रकारच्या यूएसबी पोर्टमधून प्रमाणानुसार ५ व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट मिळतात.

यातले सगळे बॅटरीत जात नाही. फोनच्या आत व्होल्टेज बदलताना आणि बॅटरीत शिरताना मिळून १० ते १५ टक्के उष्णतेच्या रूपाने जाते. म्हणून ढोबळ हिशेबासाठी १८ वॉटचे १५.५, १० वॉटचे ८.७ आणि अडीच वॉटचे २.२ धरावेत. केबल बारीक आणि लांब असेल तर ही घट आणखी वाढते. वायरमध्येच अर्धा व्होल्ट पडला तर ५ व्होल्टच्या चार्जरचा दहावा हिस्सा वाटेतच संपतो, आणि चांगल्या रेंजमध्ये एअरप्लेन मोडने जे मिळते त्याच्या कित्येक पट ते जास्त आहे. बाजारातल्या दहा केबली सारख्याच दिसतात, त्यामुळे घरात दोन केबली असतील तर दोन्ही लावून पाहणे हे पहिले काम आहे. अनेक फोन कुलूप-पडद्यावर चार्जिंग जलद आहे की हळू, अशा अर्थाची ओळ दाखवतात, आणि केबल बदलल्यावर ती ओळ बदलली तर दोषी कोण ते लगेच कळते.

तिसरी पायरी: अडचण नेमकी कुठे आहे, ते ओळखा

उन्हाळ्यात नळाला पाणी आले की आपण गच्चीवरची टाकी भरायला लावतो. त्याच पाइपावर खाली एक नळ आहे असे समजा. धार जोरात असेल, तर खालचा नळ थेंब थेंब गळला काय आणि बंद असला काय, टाकी भरायला तेवढाच वेळ लागतो. धार करंगळीएवढी असेल, तर तोच गळका नळ टाकीच्या वाट्याचे पाणी खातो. फोनमध्ये अगदी असेच घडते. चार्जरमधून आलेल्या विजेतून फोनचे सर्किट आधी चालत्या फोनची गरज भागवते आणि उरलेली बॅटरीकडे पाठवते. म्हणून चार्जर लहान असतो तेव्हाच फोनचा खर्च बॅटरीच्या वाट्यातून वजा होतो.

टाकीत वर बॉल कॉकही असतो. पाणी वर आले की तो हळूहळू तोंड आवळतो आणि धार बारीक होते. लिथियम बॅटरीचेही तसेच आहे. सुरुवातीला तिच्यात एकसारखा मोठा प्रवाह जातो. व्होल्टेज ठरावीक मर्यादेला, म्हणजे बॅटरीच्या प्रकारानुसार ४.२ ते ४.४५ व्होल्टच्या आसपास पोहोचले की तेथून पुढे व्होल्टेज स्थिर राहते आणि प्रवाह उतरत जातो. साधारण ८० टक्क्यांनंतर फोन रेंगाळू लागतो तो यामुळेच. या टप्प्यात चार्जरकडे देण्यासारखे पुष्कळ उरलेले असते, पण बॅटरीच ते घेत नाही. तेव्हा एअरप्लेन मोड लावून वाचवलेली वीज बॅटरीच्या काहीच कामाची नसते, कारण तुटवडा मुळात चार्जरकडे नसतोच. ८५ वरून १०० टक्क्यांवर लवकर जावे म्हणून फोन बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना त्यातून काहीही मिळत नाही.

म्हणजे हिशेब लागू पडतो तो खालच्या टप्प्यात, साधारण ५ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान, आणि तोही चार्जर हीच अडचण असेल तेव्हा.

भाचीचा अर्धा तास

आता हे आकडे तिच्या प्रश्नाला लावू. तिच्याजवळ १० वॉटचा चार्जर होता, म्हणजे बॅटरीसाठी ८.७ वॉट. मागच्या खोलीत नेटवर्क चालू ठेवून फोन नुसता पडलेला असता, तर ०.८ वजा होऊन ७.९ वॉट उरले असते. अर्ध्या तासात त्याचे सुमारे ३.९५ वॉट-तास, म्हणजे २० टक्के आणि थोडे वर. १२ वरून साधारण ३२ टक्के. एअरप्लेन मोडवर ०.०५ वजा होऊन ८.६५ वॉट, अर्ध्या तासाचे ४.३ वॉट-तास, म्हणजे २२ टक्क्यांहून थोडे अधिक. १२ वरून ३४ टक्के. दुप्पट वेगाची गोष्ट राहिली बाजूला, फरक पडतो तो दोन टक्क्यांचा, आणि तोही वाईट रेंजच्या खोलीत. समोरच्या खोलीत, जिथे रेंज पूर्ण असते, हा फरक पाव टक्क्यावर आला असता.

पण ती प्रत्यक्षात करत काय होती? फोन चार्जिंगला लावून तिने भावाच्या लॅपटॉपसाठी हॉटस्पॉट सुरू केलेला होता आणि पडद्यावर व्हिडिओही चालू होता. पडदा, मोबाइल डेटा आणि हॉटस्पॉट मिळून २ वॉट सहज लागतात. बॅटरीकडे ६.७ वॉट उरतात आणि अर्ध्या तासात १७ टक्केच चढतात. "चार्जच होऊन नाही राहिला" ही तिची तक्रार यातून आली होती. हॉटस्पॉट बंद करून फोन पालथा ठेवला असता आणि समोरच्या खोलीत नेला असता, तर एअरप्लेन मोड न लावताही जवळजवळ २२ टक्के मिळाले असते.

एअरप्लेन मोडची जी ख्याती आहे तिचे मूळ मला येथे दिसते. एअरप्लेन मोड लावला की फोनमध्ये करण्यासारखे काही उरत नाही, म्हणून माणूस तो खाली ठेवतो. पडदा बंद राहतो, फोन थंड राहतो, आणि अर्ध्या तासाने टक्के खरोखर जास्त दिसतात. श्रेय मोडला मिळते, पण कमाई असते फोनला हात न लावण्याची. दोन्हींची खरी तुलना करायची असेल, तर दोन्ही वेळा पडदा बंदच हवा.

त्या दिवशी आम्ही शेवटी माझा १८ वॉटचा चार्जर आणि त्याची जाड केबल लावली. तिचा फोन ते घेऊ शकत होता. १५.५ वॉटने अर्ध्या तासात ४० टक्के, असा हिशेब होता, आणि निघताना फोन ५० टक्क्यांच्या पुढे होता. चार्जर बदलण्याने २० टक्के मिळाले, एअरप्लेन मोडने दोन मिळाले असते.

फोन पूर्ण बंद केला तर

एअरप्लेन मोडवर पडलेला फोन ०.०५ वॉट खातो. बंद केला तर त्यातले ०.०४ वॉट वाचतात असे धरू. पण बंद केलेला फोन पुन्हा सुरू करावा लागतो, आणि सुरू होताना प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालतो, पडदा उजळतो, नेटवर्क शोधले जाते आणि अ‍ॅप एकामागून एक जागी होतात. हे सगळे मिनिटभर सरासरी ४ वॉटने चालले, तर ०.०६७ वॉट-तास खर्च होतात, म्हणजे एक टक्क्याचा साधारण तिसरा हिस्सा. ०.०४ वॉटच्या बचतीने एवढे भरून काढायला सुमारे १ तास ४० मिनिटे लागतात. त्याआधी फोन सुरू केला तर बंद करणे हे एअरप्लेन मोडपेक्षा तोट्याचे ठरते. या कालावधीचा चार्जरशी संबंध नाही, कारण तो फक्त वाचलेल्या आणि खर्च झालेल्या विजेवर ठरतो. अर्ध्या तासासाठी फोन बंद करणे म्हणूनच मला पटत नाही.

बंद फोनच्या आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. काही फोन बंद असताना चार्जरशी जलद चार्जिंगची बोलणी पूर्ण करत नाहीत आणि ५ व्होल्टवरच अडून राहतात. अशा फोनमध्ये बंद केल्याने चार्जिंग चक्क हळू होते. तुमचा फोन त्यातला आहे की नाही, हे चालू अवस्थेत १० मिनिटे आणि बंद अवस्थेत १० मिनिटे लावून, दोन्ही वेळा साधारण त्याच टक्क्यापासून सुरुवात करून कळते, कारण हा फरक लहान नसतो. आणि आयफोन बंद करून केबल लावली की तो आपोआप सुरू होतो, त्यामुळे तेथे हा प्रश्न फारसा उरतच नाही.

बंद करण्याचा खरा उपयोग वेगळ्या ठिकाणी आहे. एखादे अ‍ॅप अडकून आतल्या आत प्रोसेसर फिरवत असेल, पडदा बंद असूनही फोन गरम असेल आणि एअरप्लेन मोडनेही तो थंड होत नसेल, तर एकदा बंद करून लगेच सुरू करावा. तेथे एक-दोन वॉटची गळती थांबते. पण ते काम पुन्हा सुरू केल्याने होते, बंद ठेवल्याने नव्हे.

एअरप्लेन मोड जेथे खरोखर लावावा

लहान चार्जर आणि वाईट रेंज या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की चित्र पालटते. पेंचच्या बाजूला जंगलालगत मुक्काम आहे, फोनला रेंज येते-जाते, आणि चार्जिंगसाठी लॅपटॉपचा अडीच वॉटचा पोर्ट आहे असे समजू. २.२ वॉटमधून ०.८ गेले की १.४ वॉट उरतात. २० वरून ६० टक्क्यांवर यायला, म्हणजे ७.७ वॉट-तास भरायला, साडेपाच तास लागतात. एअरप्लेन मोडवर २.१५ वॉट मिळतात आणि तेच काम साडेतीन तासांच्या थोडे पुढे जाऊन संपते. जवळजवळ दोन तास वाचतात. याच पोर्टवर, पण चांगल्या रेंजमध्ये, पावणेचार तासांतली १० मिनिटेच वाचतात.

आगगाडीतही तसेच असते. नागपूरहून इटारसीकडे जाताना बैतूलच्या पुढे सातपुड्याचा घाट आणि बोगदे लागतात. तेथे फोन टॉवर पकडतो, सोडतो, पुन्हा शोधतो. त्या पट्ट्यात बोलणे तसेही धड होत नाही. फोन लहान पॉवर बँकेवर लावलेला असेल, तर घाट संपेपर्यंत एअरप्लेन मोड लावावा. पॉवर बँकेत वीज मोजकीच असते, त्यामुळे येथे वेळेपेक्षा वाचलेली वीजच अधिक मोलाची.

नागपूरचा मे महिना

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी बंद खोलीतही ३८-४० अंश असतात. या दिवसांत चार्जिंग मंदावण्याचे पहिले कारण बॅटरीची उष्णता असते. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असे मानले जाते, आणि फोन त्याआधीच स्वतःहून प्रवाह कमी करू लागतो. १८ वॉटचा चार्जर लावूनही फोन ७-८ वॉटच घेत असेल, तर अडचण चार्जरकडे नसून तापमानाकडे असते.

अशा वेळी फोनच्या आत तयार होणारी प्रत्येक उष्णता मोजावी लागते. १८ वॉटने चार्ज होताना दोन वॉटच्या आसपास उष्णता फोनमध्येच होते. वाईट रेंजमुळे त्यात पाऊण वॉट आणखी पडले, तर उष्णता तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढते. म्हणून मे महिन्यातल्या दुपारी, कमी रेंजच्या खोलीत, एअरप्लेन मोड दोन बाजूंनी कामाला येतो. एकीकडे तो वीज वाचवतो आणि दुसरीकडे प्रवाह कमी होण्याची वेळ पुढे ढकलतो. चांगल्या रेंजमध्ये हा दुसरा फायदाही नगण्य असतो.

त्याहून मोठा परिणाम जागेचा होतो. गादीवर किंवा उशीखाली ठेवलेल्या फोनची उष्णता बाहेर जाऊच शकत नाही. जाड कव्हर काढावे, फोन खिडकीपासून दूर, थेट फरशीवर किंवा ओट्याच्या दगडावर ठेवावा. फरशी हाताला थंड लागते, तशीच ती फोनची उष्णता ओढून घेते. कूलर चालू असलेल्या खोलीत ठेवणे चांगले, पण कूलरच्या तोंडाशी, जिथे पाण्याचे तुषार येतात, तिथे ठेवू नये. फ्रिजमध्ये तर कधीच ठेवू नये, कारण बाहेर काढल्यावर आत दव धरते. वायरलेस चार्जरवर उष्णता अधिक होते, म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी वायरच बरी.

बॅटरीचे तापमान पाहायचे असेल, संगणकावर adb हे साधन असेल आणि अँड्रॉइड फोन त्याला जोडून डेव्हलपर पर्यायांतले यूएसबी डिबगिंग सुरू करता येत असेल, तर संगणकावर ही आज्ञा द्यावी:

```
adb shell dumpsys battery
```

उत्तरात `level` पुढे टक्के, `voltage` पुढे मिलीव्होल्ट आणि `temperature` पुढे अंशांच्या दहापट आकडा येतो. तेथे 402 दिसले तर बॅटरी ४०.२ अंशांवर आहे. संगणक हाताशी नसेल, तर फोनची पाठ गालाला लावून पाहावी. गालाला चटका जाणवला की प्रवाह कमी झालेला आहे असे समजायला हरकत नाही.

चौथी पायरी: खात्री करायची असेल तर घड्याळ टक्क्यांवर नको, टक्का बदलण्याच्या क्षणावर लावा

"अर्ध्या तासात किती टक्के चढले" असे मोजले, तर एका टक्क्याची चूक सहज होते. अर्ध्या तासात ४० टक्के चढत असतील, तर ती चूक अडीच टक्क्यांची झाली, आणि चांगल्या रेंजमध्ये एअरप्लेन मोडचा परिणाम तर एका टक्क्याहूनही कमी आहे. तो या चुकीत बुडून जातो. त्याऐवजी २० चा आकडा ज्या क्षणी २१ होतो तो क्षण लिहावा, आणि ६० चा ६१ होतो तो क्षण लिहावा. मधला वेळ सेकंदांत मिळतो. फोन मिनिटामिनिटाला उचलून पाहू नये, कारण पडदा उजळला की मोजमाप बिघडते. शेवटच्या दोन-तीन मिनिटांतच लक्ष ठेवावे. चार्जिंगचा उरलेला वेळ म्हणून फोन स्वतः जो आकडा दाखवतो, तो केवळ अंदाज असतो. त्यावर तुलना उभी करू नये.

एकच जोडी मोजून थांबू नये. पहिल्यांदा नेटवर्क चालू, मग दोनदा एअरप्लेन मोड, मग पुन्हा नेटवर्क चालू, असा क्रम ठेवावा, आणि प्रत्येक वेळी फोन खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा. दुपारपासून संध्याकाळपर्यंत खोली थंड होत जाते, आणि क्रम असा मधून दुमडलेला असला की तो बदल दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. दोन्ही वेळा नेटवर्क चालू ठेवून घेतलेल्या मापांतच अर्ध्या मिनिटाचा फरक पडत असेल, तर एअरप्लेन मोडच्या १२ सेकंदांबद्दल तुमचे मोजमाप काहीही सांगू शकत नाही. अशा वेळी पहिल्या पायरीतली रात्रीची मोजणीच अधिक भरवशाची.

एअरप्लेन मोडवरच्या फोनला कॉल लागत नाही आणि बँकेचा ओटीपीही येत नाही. गजराला त्याने बाधा येत नाही. घरात कोणी आजारी असेल, कोणी प्रवासात असेल किंवा म्हातारी माणसे दुसऱ्या घरी एकटी असतील, तर १२ सेकंदांसाठी फोन अडवून ठेवण्यात अर्थ नाही. तेव्हा तो रेंज असलेल्या खोलीत नेऊन, पडदा बंद करून, पालथा ठेवावा. भाचीनेही घाट उतरल्यावर एअरप्लेन मोड काढला आणि इटारसी यायच्या आधीच तिचा फोन आला, कारण तिची आई इकडे दर पाच मिनिटांनी नंबर लावून पाहत होती.